काळ्या मातीतल्या खोल चराचे आडवे टेकू: लोड किती येतो आणि तो कसा काढायचा

सोलापुरात मे महिन्यात ड्रेनेज लाइनचा चर खणायला घेतला, की मुकादम हमखास एक वाक्य म्हणतो: "साहेब, माती दगडासारखी लागतीय, टेकू कशाला?" त्याचं निरीक्षण खरं असतं. उन्हाळ्यात वाळलेली काळी माती पोकलेनच्या दातांनाही सहज दाद देत नाही, आणि उभा कापलेला चर आठवडाभर जागचा हलत नाही. पण हीच माती जूनच्या पहिल्या पावसानंतर किंवा सप्टेंबरच्या मोठ्या सरींत वेगळीच होते. टेकूचा हिशेब कोणत्या मातीसाठी करायचा, वाळलेल्या की भिजलेल्या, यावर चरात उतरणाऱ्या माणसांचा जीव असतो.

शहरात बहुतेक ठिकाणी काळी माती फार खोल नसते. दीड-दोन मीटरवर मुरूम लागतो, त्याखाली बेसाल्ट. पण ओढ्याकाठी, आदिला नदीच्या आसपासच्या सखल भागात आणि बुजवलेल्या जुन्या खड्ड्यांवर चिकण मातीचा थर पाच-सहा मीटर किंवा जास्तही सापडतो. ड्रेनेज लाइन उतारानेच जायची असल्यामुळे ती नेमकी अशा भागात खोल जाते. हा लेख तशाच चरासाठी आहे. उदाहरण म्हणून पुढची मापं धरू: खोली ६ मीटर, दोन बाजूंच्या शीट पाईलमधलं अंतर २.९ मीटर, चरात ९०० मिलिमीटर व्यासाचा आरसीसी पाइप. शीट पाईल खाली मुरमापर्यंत ठोकलेले आहेत.

पहिली पायरी: मातीची ताकद भिजवून मोजा

चिकण मातीत टेकूच्या लोडचा हिशेब तिच्या निचरा न झालेल्या अवस्थेतल्या कातर-ताकदीवर चालतो. तिला आपण c म्हणू. एप्रिलमध्ये खड्ड्याच्या भिंतीवर पॉकेट पेनिट्रोमीटर दाबला तर c ८० किलोपास्कल किंवा त्याहून जास्तही दिसू शकतो. तो आकडा खोटा नसतो, पण तो त्या दिवसापुरता असतो. मातीतलं पाणी कमी झाल्यामुळे कणांमध्ये जे ओढलेपण आलेलं असतं, त्याची ती ताकद आहे. पाणी मिळालं की ती निघून जाते.

म्हणून नमुना न विस्कटता काढा, प्रयोगशाळेत तो भिजवून घ्यायला सांगा, आणि मग त्रिअक्षीय किंवा आयएस २७२० च्या भाग १० प्रमाणे एकअक्षीय दाबाची चाचणी करून घ्या. चराच्या तळाखालच्या मातीचा वेगळा नमुना घ्यायला विसरू नका, त्याचं काम पुढे आहे. जोडीला भाग ४० ची फुगवटा चाचणी करा. ती स्वस्त आहे, आणि माती किती फुगरी आहे ते तिच्यातून कळतं. आपल्या उदाहरणात भिजवलेल्या मातीचा c ३० किलोपास्कल आणि घनमीटरचं वजन, म्हणजे γ, १८ किलोन्यूटन धरू.

वाळलेल्या मातीचा आकडा धरला तर काय होतं ते पाहण्यासारखं आहे. पाठ्यपुस्तकातल्या रँकिनच्या सूत्राने z खोलीवरचा आडवा दाब येतो γz − 2c. c ८० धरला तर सहा मीटरवरही हे उत्तर शून्याखाली राहतं. टेकू नकोतच, असं कागद सांगतो. c ३० धरला तरी वरच्या ३.३ मीटरमध्ये दाब शून्यच दिसतो आणि सगळा भार तळाकडे जातो. या कागदावर विसंबून कोणी वरचा टेकू नावापुरता लावला, तर तोच टेकू आधी वाकतो.

दुसरी पायरी: रँकिनचा त्रिकोण सोडा, पेकचा पट्टा घ्या

असं का होतं? रँकिनचा त्रिकोण तेव्हाच तयार होतो, जेव्हा संपूर्ण भिंत पायाशी गोल फिरल्यासारखी पुढे झुकते. टेकू लावलेल्या चरात उलटं घडतं. वरचा टेकू आधी बसतो, त्यामुळे वरची भिंत अडते. मग खाली खणत जाताना खालची भिंत आत सरकते. माती वरच्या टेकूंवर विसावते आणि तिथला दाब त्रिकोणातल्यापेक्षा कितीतरी जास्त होतो.

१९४० च्या दशकात शिकागोच्या भुयारी रेल्वेच्या खुल्या खोदाईत टेकूंवरचे लोड प्रत्यक्ष मोजले गेले. त्या आणि इतर ठिकाणच्या मोजमापांवरून कार्ल टेर्झाघी आणि राल्फ पेक यांनी दाबाचे पट्टे सुचवले, आणि १९६९ च्या मेक्सिको परिषदेतल्या अहवालात पेकने ते पक्के केले. या मोजमापांत एक गोष्ट ठळक होती: एकाच चरात, एकाच पातळीवरच्या दोन टेकूंचे लोडही बरेच वेगळे निघत होते. पाचर किती घट्ट, खणायला कुठून सुरुवात झाली, कोणता टेकू उशिरा लागला, अशा साध्या कारणांनी फरक पडत होता. म्हणून पेकचा पट्टा हा मातीचा खरा दाब नाही. मोजलेल्या लोडांमधला सगळ्यात मोठाही ज्याच्या आत बसेल, अशी ती बाह्यरेषा आहे. म्हणूनच तो टेकूंसाठी वापरायचा. मातीचं खरं वागणं सांगायला तो कामाचा नाही. तो साधारण सहा मीटर आणि त्याहून खोल चरांसाठी आहे, आणि आपला चर त्या मर्यादेवर बसतो.

कोणता पट्टा घ्यायचा ते स्थिरता-अंक N वर ठरतं. H म्हणजे चराची खोली आणि p म्हणजे पट्ट्यातला सगळ्यात मोठा दाब:

```
N = γH / c = 18 × 6 / 30 = 3.6
N ≤ 4 : p = 0.2γH ते 0.4γH
N > 4 : p = γH − 4c किंवा 0.3γH, यातला मोठा
```

आपला N चारच्या आत आहे, म्हणजे घट्ट मातीचा पट्टा. त्याचा आकार असा: वरून पहिल्या पाव खोलीत दाब शून्यापासून p पर्यंत चढतो, मधली अर्धी खोली तो p राहतो, शेवटच्या पाव खोलीत पुन्हा शून्यावर उतरतो. ०.२ आणि ०.४ मध्ये कोणता आकडा घ्यायचा, हा निर्णय तुमचा. खालचा आकडा पेकने फक्त भिंतीची हालचाल अगदी कमी आणि काम थोडक्या दिवसांचं असेल तेव्हासाठी ठेवला. काळ्या मातीत भेगा असतात, आणि पालिकेच्या कामात चर किती दिवस उघडा राहील हे कोणी सांगू शकत नाही. मी इथे ०.४ च्या खाली जाणार नाही. म्हणजे p = ४३ किलोपास्कल.

c ३० ऐवजी २५ निघाला तर N ४.३ होतो आणि दुसरा पट्टा लागतो. त्यात p ३२ च येतो, पण दाब तळापर्यंत कमी होत नाही. N चारच्या जवळपास असेल तर दोन्ही पट्ट्यांनी हिशेब करून प्रत्येक टेकूसाठी मोठा आकडा घ्या. मातीचा अहवाल दशांशात अचूक नसतो.

तिसरी पायरी: टेकूंच्या पातळ्या आणि प्रत्येकाचा वाटा

पातळ्या आधी पाइपवरून ठरतात, मातीवरून नंतर. पाइपाचा बाहेरचा व्यास अंदाजे १.१ मीटर, खाली बेडिंग १५ सेंटिमीटर. म्हणजे सगळ्यात खालचा टेकू तळापासून दीड मीटर वर नसेल तर पाइप त्याखाली जाणारच नाही. म्हणून टेकू १.०, २.७५ आणि ४.५ मीटर खोलीवर. चराच्या लांबीत ते दर ३ मीटरवर, कारण अडीच मीटरचा पाइप दोन टेकूंच्या मधून उतरवता आला पाहिजे. हे आधी ठरवलं नाही तर पाइप उतरवताना कोणीतरी "तेवढ्यापुरता" टेकू काढतो, आणि असे अपघात नेमके त्याच क्षणी होतात.

वर काठावरचा भार मोजायचा. पोकलेन, ट्रॅक्टर, थोडं साहित्य, मिळून १० किलोपास्कल धरू. चिकण मातीच्या या हिशेबात तो आडवा पूर्णच धरावा. खणलेल्या मातीचा ढीग यात नाही. दोन मीटर उंच ढीग ३६ किलोपास्कल होतो, म्हणजे तो काठावर टाकला तर दाब जवळजवळ दुप्पट. सरकारी कंत्राटांच्या सुरक्षा कलमात सहसा दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मं, यातलं जास्त अंतर सांगितलेलं असतं. आपल्या चरासाठी ते ३ मीटर. ही अट कागदावरच राहते, कारण रस्ता अरुंद असतो. जागा नसेल तर माती उचलून न्या, ढीग लावू नका.

आता वाटणी. शीटला मधल्या टेकूपाशी बिजागरी आहे असं धरायचं. मग वरचा तुकडा पहिल्या दोन टेकूंवर टेकलेली साधी तुळई होतो, खालचा तुकडा दुसऱ्या-तिसऱ्या टेकूंवर. एका वेळी एका आधाराभोवतीचे आघूर्ण घेतले की झालं. वरच्या तुकड्याचा हिशेब पूर्ण करून दाखवतो.

० ते १.५ मीटरमधला चढता त्रिकोण दर मीटर लांबीला ३२.४ किलोन्यूटन देतो, त्याचं केंद्र १.० मीटरवर. १.५ ते २.७५ मधला आयत ५४ किलोन्यूटन, केंद्र २.१२५ मीटरवर. काठावरच्या भाराचे २७.५ किलोन्यूटन, केंद्र १.३७५ वर. दुसऱ्या टेकूभोवतीचं आघूर्ण घेऊन १.७५ ने भागलं, की पहिल्या टेकूवर दर मीटरला ७३ किलोन्यूटन येतात. त्याच रीतीने खालचा तुकडा सोडवला की मधल्यावर ७१ आणि खालच्यावर ११० येतात. बेरीज तपासा: पट्ट्याचं क्षेत्रफळ १९४ आणि काठाच्या भाराचे ६० मिळून २५४, आणि तीन टेकूंची बेरीजही तेवढीच.

मधल्या टेकूसाठी मी दुसऱ्या रीतीनेही पडताळतो. प्रत्येक टेकूला शेजाऱ्यांपर्यंतच्या अर्ध्या-अर्ध्या अंतराचा दाब द्यायचा. या रीतीने मधल्याला ९३ येतात. बिजागरी ही आपण मानलेली सोय आहे, प्रत्यक्षात शीट तिथे सलग असते, त्यामुळे इथे मोठा आकडा धरणं योग्य. ३ मीटरच्या अंतराने गुणलं की एका टेकूवर येणारा लोड असा: वर २२०, मध्ये २८०, खाली ३३० किलोन्यूटन. खालचा टेकू म्हणजे तेहतीस टनांच्या पुढे.

चौथी पायरी: टेकूचा पाइप निवडा, पण तिरका लोड धरून

साइटवर बहुधा हाताशी असतो तो १६५ मिलिमीटरचा, ५.४ जाडीचा पाइप. वेलिंग म्हणजे शीटला लागून आडवी जाणारी, टेकू जिच्यावर टेकतात ती तुळई. ती सोडून टेकूची लांबी २.२ मीटर. सरळ दाबात हा पाइप जवळजवळ ५५० किलोन्यूटन पेलतो, आणि आपला लोड दीडपट केला तरी ४९५ होतो. कागदावर पास.

पण टेकू कधी वेलिंगच्या बरोबर मध्यावर बसत नाही. एका बाजूची पाचर जास्त घुसते, टोकाची प्लेट किंचित तिरकी असते. व्यासाच्या दहा टक्के, म्हणजे १७ मिलिमीटर, लोड सरकला असं धरलं तर वाकण्याचा ताण मिळवून पाइप क्षमतेच्या सुमारे सव्वापट भरतो. म्हणजे नापास. २१९ मिलिमीटर व्यासाचा, ६ जाडीचा पाइप घेतला की तीच बेरीज ८० टक्क्यांवर येते. तिन्ही पातळ्यांवर हाच पाइप लावा. वेगवेगळे आणले तर साइटवर अदलाबदल होतेच.

वेलिंगकडे लोकांचं दुर्लक्ष होतं. दर मीटरला ११० किलोन्यूटन, तीन मीटरचा गाळा, दीडपट भार धरून आघूर्ण दीडशे किलोन्यूटन-मीटरच्या आसपास येतं. आयएसएमबी ३५० लागतो. जिथे टेकू टेकतो तिथे त्याच्या वेबला दोन्ही बाजूंनी स्टिफनर प्लेट वेल्ड करा. वाकलेला टेकू दिसतो तेव्हा पुष्कळदा आधी चेपलेला असतो तो वेलिंगचा वेब. आणि हेही लक्षात ठेवा: पोकलेनचा बकेट लागून एखादा टेकू निखळला तर शेजारच्या दोघांचे पाइप वाढीव भार पेलतील, पण मधला सहा मीटरचा वेलिंग पेलणार नाही. म्हणून टेकूंच्या पातळीवर बकेट आणताना खाली एक माणूस फक्त इशारे देण्यासाठी हवा.

चराच्या तळाचीही तपासणी करा. बाजूची माती तिच्या वजनाने तळ वर ढकलू पाहते. आपल्या रुंदी-खोलीला वहन-गुणांक साधारण ७ येतो. सातला ३० ने गुणून काठाच्या भारासकट ११८ ने भागलं की सुरक्षा-गुणक १.८ येतो, दीडच्या वर, म्हणजे ठीक. तळाचा c २२ असता तर १.३ आला असता, आणि तेव्हा कितीही जाड टेकू लावून उपयोग नाही. शीट आणखी खाली ठोकावी लागते किंवा चर छोट्या तुकड्यांत खणावा लागतो.

पाचवी पायरी: लावण्याचा क्रम

वरचा हिशेब एका अटीवर खरा: टेकू वेळेवर लागला पाहिजे. टेकूच्या पातळीच्या अर्ध्या मीटरपेक्षा खाली खणू नका, तो बसवून घट्ट करेपर्यंत. दोन पातळ्या एकदम खणून मग टेकू लावले तर मधल्या काळात भिंत आत येते, वरच्या टेकूवर हिशेबापेक्षा जास्त लोड बसतो, आणि आत आलेली भिंत कोणताही टेकू परत मागे ढकलत नाही.

घट्ट करताना हायड्रॉलिक जॅक वापरा आणि हिशेबातल्या लोडच्या दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे खालच्या टेकूला तीन-साडेतीन टन, ताण देऊन मग पाचर ठोका. हेतू सांधे बसवण्याचा आहे. नुसत्या घणाने ठोकलेल्या पाचरीत किती ताण आला ते कोणालाच सांगता येत नाही.

सोलापूरच्या उन्हाचा प्रश्न मला बरेचदा विचारला जातो. पाइप तापून लोड वाढत नाही का? वाढतो, पण इथे फार नाही. वीस अंशांनी तापल्यावर २.२ मीटरचा टेकू जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबतो. पूर्ण अडवला असता तर १९० किलोन्यूटन लोड आला असता, पण टेकू मातीपेक्षा खूपच ताठ आहे, माती तेवढं सरकून देते, आणि प्रत्यक्षात दहा-वीस किलोन्यूटनच वाढतात. तळघराच्या वीस मीटर लांब टेकूत हा हिशेब बदलतो, तिथे तो वेगळा करावाच लागतो.

पाऊस आला की

चराच्या काठावरच्या भेगा हा आपल्या मातीचा खरा धोका आहे. उन्हात माती आकसते, शीटच्या मागे फट पडते, पाचरी सैल होतात. मग एका रात्रीच्या पावसात ती फट पाण्याने भरते. दोन मीटर खोल भरलेली भेग दर मीटर लांबीला जवळजवळ वीस किलोन्यूटन ढकलते, आणि त्यातला चार-पंचमांश वरच्या टेकूवर जातो. म्हणजे त्याच्या २२० वर अचानक आणखी ४८. आपल्या पाइपात ती जागा आहे, पण १६५ च्या पाइपात नसती. म्हणून भेगा दिसल्या की चिकण मातीने ठासून बुजवा, काठावर पाणी वळवायला छोटा बांध घाला आणि चराच्या तळात पाणी साचू देऊ नका.

फुगवट्याचा दाब मी हिशेबात मिळवलेला नाही, कारण पेकचा पट्टा फुगऱ्या मातीवरून आलेला नाही आणि त्यात तो कसा मिळवावा याचा सर्वमान्य आकडा नाही. फुगवटा चाचणीत माती फार फुगरी निघाली आणि चर पावसाळ्यात उघडा राहणार असेल, तर प्रत्येक पातळीवर निदान दोन टेकूंवर व्हायब्रेटिंग वायर स्ट्रेन गेज लावून घ्या. प्रत्यक्ष लोड हिशेबाच्या ऐंशी टक्क्यांवर गेला की काम थांबवून मधे जादा टेकू घालण्याची सोय आधीच ठेवा.

गेज नसतील तर रोज सकाळी, माणसं उतरण्याआधी, ही पाहणी करा. प्रत्येक पाचर हातोडीने ठोकून पाहा, सैल पाचरीचा आवाज वेगळा येतो. वेलिंगला सूत लावून मध्ये किती फुगलं ते मोजा आणि लिहून ठेवा. शीटच्या वरच्या टोकाला ओळंबा सोडा. काठाला समांतर नवी भेग दिसते का ते पाहा. आकडा मोठा असणं तितकं घातक नाही, जितकं तो दोन दिवस सलग वाढत राहणं. तसं दिसलं, किंवा वेलिंगच्या वेबवरचा रंग टेकूपाशी सुटताना दिसला, तर चर रिकामा करा, मग कारण शोधा.

काढताना

लोडाचा हिशेब खणण्यासाठी केला, पण टेकू निघतानाची अवस्था पट्ट्यात नाही. खालचा टेकू काढला की त्याचा भार मधल्या टेकूवर आणि खाली भरलेल्या मातीवर जातो. म्हणून पाइप बसल्यावर भराव थराथराने ठोकून त्या टेकूच्या तीस सेंटिमीटर खालपर्यंत आणा, आणि मगच तो सोडा. सैल टाकलेली माती काहीच अडवत नाही, म्हणून ठोकणी झाल्याशिवाय पाचर हलवू नका. सोडतानाही जॅकने आधी ताण घ्या, पाचर मोकळी करा, मग जॅक हळूहळू उतरवा. घणाने उडवलेली पाचर माणसाच्या अंगावर येते. नंतर मधला, मग वरचा, त्याच रीतीने. शीट ओढून काढल्यावर राहिलेली फट त्याच दिवशी वाळूने भरून पाणी मारा, नाहीतर शेजारच्या घराच्या कुंपणाची भिंत महिन्याभरात तडकते.